आयात मालाची फेरकिंमत

परदेशातला माल परकीय चलनात विकत घेतला जातो आणि स्थानिक चलनात विकला जातो. एका ऑर्डरपासून दुसरीपर्यंत विनिमयदर हलला की तोच नग वेगळ्या भावाला पडतो. त्यानुसार विक्रीची किंमत पुन्हा ठरवण्याला फेरकिंमत म्हणतात. किंमत किती बदलायची याआधी कोणता खर्च धरून बदलायची हे ठरवावे लागते. दर हलता असला की एकाच वस्तूचे एकाच वेळी तीन खर्च असतात: गोदामात पडून असलेल्या मालाचा, वाटेवर असलेल्या मालाचा आणि पुढे मागवायच्या मालाचा.

नग गोदामात येईपर्यंत जो एकूण खर्च येतो त्याला व्यापारात ‘लँडेड कॉस्ट’ म्हणतात. समजा, एका नगाची खरेदी किंमत १० डॉलर आहे आणि जहाजभाडे व विमा मिळून १ डॉलर. आयात शुल्क या ११ डॉलरवर १० टक्के. बंदरावरची हमाली, क्लिअरिंग एजंटची फी आणि गोदामापर्यंतची वाहतूक स्थानिक चलनात ५२. डॉलरचा दर ८० असताना ११ डॉलरचे ८८०, शुल्काचे ८८ आणि स्थानिक खर्चाचे ५२, असा नग १,०२० ला पडतो. आयातीच्या वेळी भरलेल्या ज्या कराची पुढे वजावट मिळते, तो यात धरायचा नसतो. वजावट मिळत नसेल तर मात्र तो खर्चच आहे.

आता दर ८८ झाला. डॉलर १० टक्क्यांनी महागला, पण ५२ चा स्थानिक खर्च जागचा हलला नाही. नवा हिशोब ९६८, ९६.८० आणि ५२ मिळून १,११६.८० होतो, म्हणजे वाढ साडेनऊ टक्के. ज्या मालात स्थानिक खर्चाचा वाटा मोठा असतो (जड, जागा अडवणारा, इथे आणून जोडणी करावी लागणारा माल) तिथे ही तफावत बरीच वाढते. डॉलर जितके टक्के वाढला तितके टक्के सरसकट किंमतपत्रकावर चढवले, तर असा माल उगाच महाग होतो आणि गिऱ्हाईक तुटते.

वाटेवरच्या मालाचा हिशोब सगळ्यात जास्त चुकतो, कारण त्याला एकच दर लागत नाही. समजा, ऑर्डर देताना ८० च्या दराने ३० टक्के आगाऊ रक्कम पाठवली आणि कागदपत्रे आल्यावर उरलेली ७० टक्के ८८ ने भरली. मालाच्या किमतीला पडलेला दर ८५.६० झाला. शुल्काला हा दर चालत नाही. सीमाशुल्क विभाग स्वतः जाहीर केलेला, त्या वेळी लागू असलेला दर संपूर्ण मूल्याला लावतो. आगाऊ रक्कम कधी आणि कोणत्या दराने दिली याच्याशी त्याला देणेघेणे नसते. सीमाशुल्काचा दर आणि भाडे देतानाचा दर ८८ धरला, तर मालाचे ८५६, भाड्याचे ८८, शुल्काचे ९६.८० आणि स्थानिक ५२ मिळून नग १,०९२.८० ला पडतो. सरासरी दर शुल्कालाही लावला तर हा आकडा कमी दिसतो आणि क्लिअरिंगच्या बिलात फरक निघतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बातम्यांत दिसणारा संदर्भ दर धरणे. बँक डॉलर विकते तो दर त्याहून चढा असतो आणि शिवाय बँकेचे शुल्क लागते. हिशोबात बँकेच्या पावतीवरचा दरच घ्यावा.

म्हणजे हातातला माल १,०२० चा, वाटेवरचा १,०९२.८० चा आणि पुढचा १,११६.८० चा. किंमत शेवटच्या आकड्यावरून काढावी. ‘जुना माल स्वस्तात घेतलाय, तो संपेपर्यंत जुन्याच भावाने विकू’ हा विचार प्रामाणिक आहे, पण भांडवल खातो. जुनी किंमत १,३६० होती आणि भाडे, पगार, कर वगैरे धरून दर नगामागे २६० खर्च होता असे धरू. १,००० नग विकून खर्च वजा जाता हाती ११,००,००० राहतात. वहीत ८०,००० नफा दिसतो. त्याच पैशात नवा माल मात्र ९८४ नगच येतो. नफ्यातला पैसाही न काढता साठा १६ नगांनी घटला. अशा तीन-चार खेपा गेल्या की ताळेबंद नफ्यात आणि पुरवठादाराला द्यायला पैसे कमी, अशी अवस्था येते.

हिशोबाच्या वह्यांचा नियम वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत करू नये. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २ नुसार साठ्याचे मूल्य ‘आधी आलेला आधी गेला’ किंवा भारित सरासरी पद्धतीने, प्रत्यक्ष खर्चावर धरतात. उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे चुकते करेपर्यंत दर हलला, तर आयएएस २१ प्रमाणे तो फरक साठ्याच्या किमतीत न मिळवता नफा-तोट्यात जातो. त्यामुळे संगणकातला ‘सरासरी खर्च’ किंमत ठरवायला अपुरा असतो. किंमतपत्रकासाठी पुढच्या ऑर्डरचा खर्च वेगळ्या रकान्यात ठेवावा लागतो.

१,११६.८० वर किंमत किती ठेवायची? भाडे, पगार वगैरे वजा करण्याआधीचा जुना २५ टक्के नफा (विक्री किमतीवर) टिकवायचा तर १,४८९. नगामागचा असाच जुना ३४० चा नफा टिकवायचा तर १,४५७. भाडे आणि पगार डॉलरबरोबर वाढत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा १,४५७ च्या आसपासची किंमत पुरते. विक्रेत्याचे कमिशन टक्क्यांत असेल किंवा माल उधारीवर जात असेल तर थोडे वर जावे लागते, कारण ते खर्च किमतीबरोबर वाढतात.

दर रोज हलतो, किंमत रोज हलवता येत नाही. म्हणून एक पट्टा ठरवतात: लँडेड कॉस्ट ठरलेल्या टक्क्यांपलीकडे गेली आणि काही दिवस तिथे टिकली, तरच नवे पत्रक काढायचे. पट्ट्याची रुंदी नफ्यावर ठरते. २५ टक्के नफ्याच्या मालात खर्च ३ टक्के वाढला तर नफा पावणेतेवीसवर येतो, ते सोसता येते. ८ टक्के नफ्याच्या मालात तीच वाढ नफ्याचा एक तृतीयांश गिळते, तिथे पट्टा १ टक्क्याच्या आत हवा. पुढच्या तारखेच्या डॉलरचा दर बँकेशी आधीच बांधून घेणारा फॉरवर्ड करार केला असेल तर तेवढ्या रकमेला करारातला दर धरावा. मात्र करार संपल्यानंतरच्या ऑर्डरला त्याचे संरक्षण नसते.

दर उतरला तरी हाच नियम लागू होतो आणि तिथे तो पाळणे जड जाते. महागात घेतलेला साठा शिल्लक असताना इतरांचा स्वस्त माल बाजारात येतो. जुना खर्च वसूल होईपर्यंत किंमत धरून ठेवली तर माल पडून राहतो आणि गोदामभाडे चढते. अशा वेळी पुढच्या खेपेची ऑर्डर लहान ठेवून किंमत टप्प्याटप्प्याने उतरवतात. विक्रीतून निव्वळ मिळू शकणारी रक्कम खर्चाखाली गेली, तर आयएएस २ प्रमाणे साठ्याचे मूल्यही तितके खाली आणावे लागते.

मोठ्या गिऱ्हाइकांना दिलेल्या कोटेशनमध्ये धरलेला दर, मुदत आणि दर किती हलल्यावर किंमत बदलेल हे लिहितात. फेरफार फक्त डॉलरशी बांधलेल्या भागाला लावायचा असतो. वरच्या मालात ८० च्या दराने १,३६० पैकी ८८० आणि शुल्काचे ८८ मिळून ९६८, म्हणजे सुमारे ७१ टक्के भागच डॉलरबरोबर हलतो. दर ५ टक्के वाढला तर किमतीत ४८.४० ची, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या थोडी वर वाढ मागता येते. पूर्ण ५ टक्के मागितले की जाणता खरेदीदार हिशोब मांडायला सांगतो.