साहेब ओरडले, फाईल फेकली, दार आपटले: तक्रार अर्ज कुणाकडे द्यायचा आणि त्यात काय लिहायचे

राज्य शासनाच्या कार्यालयात वरिष्ठ अंगावर ओरडत असतील, वस्तू फेकत असतील, दारे आपटत असतील, तर रीतसर तक्रार करता येते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारे वर्तन करण्यास मनाई आहे. त्यावरची कारवाई महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे होते.

तक्रार कोण करू शकते?

हे नियम ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला लागू असावे लागतात. म्हणून तक्रार करणारा कंत्राटी संगणकचालक असला तरी अडत नाही. साहेब जिल्हा परिषदेचे किंवा महामंडळाचे असतील, तर त्यांचे शिस्तीचे नियम वेगळे असतात, अर्जाची रीत मात्र बहुतेक हीच. अर्ज त्या अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याला उद्देशून, नाव आणि सहीसह साध्या कागदावर लिहावा. निनावी पत्र शक्यतो टाळा, कारण पुढे जबाब घ्यायला कुणीच नसते. आवक शाखेत अर्ज देऊन स्वतःच्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा.

अर्जातले वाक्य पुढे कुठे जाते

तक्रारीत तथ्य दिसले तर आधी प्राथमिक चौकशी होते. मोठ्या शिक्षेची शक्यता असेल तर नियम ८ खाली दोषारोपपत्र निघते. त्यातला प्रत्येक दोषारोप निश्चित आणि स्वतंत्र असावा लागतो, सोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी जोडावी लागते. ‘साहेब नेहमीच अपमानास्पद वागतात’ या वाक्यातून असा दोषारोप तयार होत नाही. कधी, कुठे, कुणासमोर, हे त्यात नाही, आणि साहेबांनी एका ओळीत ‘आरोप अमान्य’ लिहिले की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

समजा, लिपिकाने लिहिले: ‘साहेबांनी प्रचंड तमाशा केला, माझ्यावर फाईल भिरकावली, रागाने दार आपटून निघून गेले.’ तीच घटना अशी लिहावी:

‘सोमवार, दि. १२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी सुमारे ११.२० वाजता मी आस्थापना शाखेत माझ्या टेबलाजवळ उभा होतो. साहेब दोन हातांवर होते. रजेची टिपणी अपूर्ण असल्याचे सांगून ते मोठ्या आवाजात म्हणाले, “अक्कल गहाण ठेवलीस का?” शेजारच्या लेखा शाखेतले दोन कर्मचारी आवाज ऐकून दारात आले. साहेबांनी हातातली फाईल माझ्या दिशेने फेकली. ती माझ्या उजव्या खांद्याला लागून जमिनीवर पडली, आतले कागद सुटले. इजा झाली नाही. नंतर ते त्यांच्या दालनात गेले आणि दार जोरात ओढून घेतले. दाराची काच तडकली.’

दुसऱ्या मजकुरात ‘रागाने’ हा शब्द नाही, आणि तो नसलेलाच बरा. राग मनातला, तो कुणी पाहिलेला नसतो. आवाज शेजारच्या शाखेत पोचला, हे मात्र दोन माणसे सांगू शकतात. फेकलेली वस्तू तुमच्या दिशेने आली, भिंतीकडे गेली की नुसती टेबलावर आदळली, हे स्पष्ट लिहा. तिन्हींचे गांभीर्य वेगळे आहे. लागली नसेल तर ‘लागली नाही’ असेच लिहा. उलटतपासणीत एक वाढवलेला तपशील उघडा पडला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. शिवी दिली असेल तर ‘अर्वाच्य भाषा’ असे न लिहिता शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्या. नक्की आठवत नसेल तर ‘अशा आशयाचे’ म्हणा. दाराचा प्रसंग एकटाच असेल तर तो फार दुबळा पडतो, कारण वाऱ्याने आपटले असे सहज म्हणता येते. म्हणून हात कुणाचा होता आणि लगेच आधी काय घडले, ते लिहायला विसरू नका.

सोबत काय जोडायचे

साक्षीदारांची नावे आणि पदनामे, त्याच दिवशी केलेली तारखेची नोंद, तुटलेल्या वस्तूचा फोटो, इजा असेल तर शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र. सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवण्याची विनंती अर्जातच तारीख-वेळेसह करा आणि अर्ज लवकर द्या, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. आधीचे प्रसंग असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद द्या, एकत्र कालवू नका.

हा मार्ग कुठे पुरत नाही

वस्तू लागून दुखापत झाली असेल तर पोलिसांकडेही जाता येते. महिला कर्मचाऱ्यावरच्या ओरडण्यामागे लैंगिक स्वरूपाचे बोलणे, मागणी किंवा ती नाकारल्याचा सूड असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची. मुदत घटनेपासून तीन महिने, प्रसंग मालिकेत असतील तर शेवटच्या प्रसंगापासून. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तिथे अर्जाच्या सहा प्रती, कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यावे लागतात.