नंबर आठच, पण फर्मा वेगळा

पोलीस भरतीचा हंगाम आला की जळगाव-धुळ्याच्या दुकानांत पळायचे बूट घ्यायला पोरांची रांग लागते. तक्रार ठरलेली असते : "भाऊ, मागचा जोड आठचाच होता, हा आठ करंगळीला का चावतो?" दुकानदार नऊ नंबर काढून देतो. चावणं जरा कमी होतं, पण 1600 मीटर पळताना टाच निसटायला लागते. इथे नंबर चुकलेला नसतो. फरक असतो फर्म्यात, म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर कातडं किंवा कापड ताणून बूट बनतो त्याच्यात.

डावा-उजवा असे वेगळे फर्मे ही गोष्ट जुनीही आहे आणि नवीही. युरोपात 1600 च्या सुमारास बुटांना उंच टाच आली, आणि प्रत्येक उंचीसाठी एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दोन ठोकळे हाताने कोरणं कारागिरांना परवडेना. मग सरळ फर्मा रूढ झाला. त्यावर केलेला बूट कुठल्याही पायात घाला, वापरून वापरून तो त्या पायाचा होतो. परंपरेने बनवलेली राजस्थानी मोजडी आजही तशीच असते. डावे-उजवे फर्मे 1800 च्या आसपास परतले, तरी सरळ बूट पुढे कित्येक दशकं विकले जात होते. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने 1819 मध्ये बंदुकीचे दस्ते कोरण्यासाठी एका लेथचं पेटंट घेतलं. नमुन्यावर चाक फिरतं आणि शेजारच्या लाकडात तोच आकार उतरतो. हे तंत्र फर्म्यांसाठी वापरात आल्यावर जोडीचा वाकडा फर्मा स्वस्तात मिळू लागला.

किती वाकवायचा, हे मात्र कुणीच ठरवून दिलं नाही. झ्युरिकचे शरीरशास्त्रज्ञ हेरमान फॉन मायर यांनी 1850 च्या दशकात सांगितलं, की टाचेच्या मध्यापासून निघालेली रेघ अंगठ्याच्या मधून जायला हवी. फॅशनच्या टोकदार बुटात ती रेघ बसेना, आणि धंदा फॅशनचं ऐकत राहिला.

नंबर फक्त लांबी सांगतो, तीही फर्म्याची. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. आठ नंबरचा फर्मा 11 इंच, म्हणजे जवळपास 27.9 सेंटीमीटर. युरोपच्या पद्धतीत एक नंबर 2/3 सेंटीमीटरचा, म्हणून 42 चा फर्मा 28 सेंटीमीटरचा होतो. आकडे जुळतात खरे, पण बोटांपुढे मोकळी जागा किती सोडायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून एका कंपनीच्या खोक्यावर आठच्या जोडीला 42 छापलेलं असतं, तर दुसरीच्या खोक्यावर 42.5. पंजाचा घेर आणि पुढच्या भागाचा वळसा यांचा तर नंबरात पत्ताच नसतो.

आता वरच्या पोराचा पाय घ्या. लांबी 26.4 सेंटीमीटर, पंजा रुंद. कापसाच्या वावरात अनवाणी नाहीतर चपलेत वाढलेल्या पायाची बोटं बहुधा पसरलेलीच असतात. लांबीच्या हिशोबाने आठ बरोबर आहे, पुढे दीड सेंटीमीटर उरतं. पण हा बूट जास्त वाकड्या फर्म्यावरचा आहे. त्याचा पुढचा भाग आतल्या बाजूला वळलेला आणि कंबर आतून खोल कापलेली. पाय सरळ, बूट आत वळलेला, म्हणून करंगळीच्या मुळाशी बाहेरची कड दाबते आणि आतल्या बाजूला पायाची कमान तळाबाहेर येते. नऊ घेतला तर लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते, घेरही थोडा वाढतो, पण वळण तेच राहतं. वर बुटाची घडी पडायची जागा पंजाच्या सांध्यापुढे सरकते. दोन-चार दिवसांत सुरकुत्या कुठे पडतात ते बघा, लगेच कळतं.

दुकानात ओळखायचं तर आतली गादी काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. करंगळी कडेबाहेर जात असेल तर नंबर वाढवू नका, फर्मा बदला : दुसरी कंपनी किंवा त्याच कंपनीचं रुंद मॉडेल. बूट उलटा करून टाचेच्या मध्यातून सरळ रेघ धरली, तर पुढे आतल्या बाजूला तळ किती जास्त उरतो त्यावरून वळणही दिसतं.

सपाट तळव्याला सरळ फर्मा आणि उंच कमानीला वाकडा, हा सल्ला पळणाऱ्यांत वर्षानुवर्षं चालत आला. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांना तळव्याच्या आकारावरून बूट वाटून पाहिले, तेव्हा दुखापतींत फारसा फरक पडला नाही. त्यामुळे कमानीची वर्गवारी सांगून महाग जोड विकणाऱ्याचं मी फारसं मनावर घेत नाही. गादीबाहेर लटकणारी करंगळी मात्र कुणी दाखवावी लागत नाही, ती दिसतेच.