धनुर्वाताचं इंजेक्शन परत परत का? एका पाचवीतल्या मुलीचा प्रश्न

मालवणला माझी भाची आहे, पाचवीत. शाळेत टीडीचं इंजेक्शन देणार म्हणून कागद आला तेव्हा तिने मला विचारलं, "मामा, लहानपणी पाचदा टोचलंय ना मला, मग अजून एकदा का? शरीर विसरतं का?" प्रश्न भारी आहे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मोठ्या माणसांनाही याचं उत्तर नीट देता येत नाही. पाच हा आकडा तिने आईने जपलेल्या लसीच्या कार्डावरून काढलेला, आणि तो बरोबर होता. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग दीड वर्षाच्या आसपास एक आणि पाच-सहाव्या वर्षी एक. दहाव्या वर्षीचा हा सहावा, सोळाव्या वर्षी अजून एक येईल. यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाची लस पण असते, पण आपण धनुर्वाताचंच बघू.

पहिली गोष्ट तिला सांगितली ती अशी की धनुर्वाताचा जंतू स्वतः फार काही करत नाही. त्याचे बीजाणू मातीत, शेणात, गोठ्यात, वाटेवर सगळीकडे पडलेले असतात, वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आमची आई म्हणते "गंजलेलो खिळो लागलो की धनुर्वात होता", पण गंजाचा काही दोष नाही बिचाऱ्याचा, खिळा मातीत पडलेला असतो आणि तो खोल घुसतो हे महत्त्वाचं, कारण या जंतूला हवा नको असते. खोल जखमेत ऑक्सिजन पोचत नाही, तिथे बीजाणू जागा होतो, वाढतो आणि एक विष बनवतो. ते विष मज्जातंतूंमधून चढत मणक्यापर्यंत जातं, आणि स्नायूंना "आता सैल हो" हा निरोप देणारी व्यवस्थाच बंद पाडतं. मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, साधा दरवाजा आपटला तरी झटका येतो. बहुतेकदा जखमेनंतर तीन दिवस ते तीन आठवडे यात हे सुरू होतं.

म्हणजे शरीराला शिकवायचं ते जंतूशी लढायला नाही, विषाला पकडायला.

ती लगेच म्हणाली, "पण विष टोचून कसं शिकवणार, मरणार ना माणूस?" इथे मी कुर्लीचं उदाहरण दिलं कारण ते तिला घरचं आहे. जिवंत कुर्लीचे डेंगे मोडून टाकले की पाठ तीच, पाय तेच, पकडायची कशी ते शिकता येतं, फक्त चावा बसत नाही. लशीत तेच करतात. कारखान्यात हा जंतू मोठ्या टाक्यांत वाढवतात, त्याचं विष गाळून वेगळं काढतात आणि फॉर्मालिन घालून काही आठवडे ठेवतात. विषाचा आकार बराचसा तसाच राहतो, मारण्याची ताकद जाते. १९२०च्या दशकात गॅस्टन रॅमाँ नावाच्या फ्रेंच माणसाने ही युक्ती बसवली आणि ती आजही तशीच चालते.

आता दंडात सुई गेली की काय होतं. हे निकामी विष एकटं दिलं तर शरीर फारसं लक्षच देत नाही, म्हणून ते ॲल्युमिनियमच्या क्षारावर चिकटवलेलं असतं. त्याने दंड दुखतो, लाल होतो, कधी कधी गाठ येते, आणि मुलं ज्याला घाबरतात ती ही दुखणारी गाठच खरं तर हवी असते, कारण तिथे पेशी गोळा होतात. त्यातल्या काही पेशी त्या विषाचे तुकडे उचलून जवळच्या काखेतल्या लसिका गाठीत घेऊन जातात. तिथे बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, अक्षरशः असंख्य, आणि प्रत्येकीच्या अंगावर पकड असते पण प्रत्येकीचा आकार वेगळा. हे आकार आपोआप, आधीच, कुठल्याही जंतूची ओळख नसताना तयार झालेले असतात. त्यातल्या अगदी थोड्यांची पकड त्या विषावर बसते. ज्यांची बसली त्या भराभर वाढतात, आणि वाढताना त्यांच्या पकडीत थोडे थोडे फरक पडत जातात, ज्यांची पकड अजून घट्ट त्या टिकतात, बाकीच्या मरतात. हे सगळं व्हायला दिवस नाही, आठवडे लागतात. म्हणूनच बाळाच्या पहिल्या तीन डोसांत महिन्याचं अंतर ठेवतात.

शेवटी दोन प्रकारच्या पेशी उरतात. काही हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि अँटीबॉडी, म्हणजे ती पकड सुटी करून रक्तात सोडत राहतात. एकेक अँटीबॉडी काही आठवडेच टिकते, पण कारखाना चालू असतो. दुसऱ्या स्मृती-पेशी, त्या नुसत्या थांबून असतात, पुढच्या डोसाला पहिल्यासारखे आठवडे न लावता थोड्या दिवसांत भरपूर आणि घट्ट अँटीबॉडी बनवतात.

"मग स्मृती आहे तर परत कशाला?" पुन्हा तेच. बरोबर आहे. गोवरासारख्या आजारात स्मृती पुष्कळ काम करते. पण धनुर्वाताचं विष इतकं जहाल आहे की तिच्याएवढ्या पोरीला मारायला मिठाच्या एका कणाचे शेकडो भाग केले तर त्यातला एक पुरे. एवढ्याशा विषाने स्मृती-पेशी धड जाग्याही होत नाहीत. आणि एकदा ते मज्जातंतूत शिरलं की अँटीबॉडी तिथे पोचत नाही. त्यामुळे अँटीबॉडी आधीच रक्तात फिरत असायला लागते, वर्षं जातात तशी तिची पातळी हळूहळू उतरते आणि डोस दिला की वर चढते. शरीर विसरत नाही, साठा कमी होतो. आणि विष एवढंसंच असल्यामुळे धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालासुद्धा लस द्यावी लागते, आजार त्याला काही शिकवून जात नाही. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प होती, कारण बाकी सगळीकडे उलटं सांगतात.

अजून एक, ही लस गोठली की वाया जाते. मासळी बर्फात दाबून ठेवायची सवय असलेल्या आमच्याकडे हे पटत नाही, पण २ ते ८ अंश हवं, शून्याखाली गेली की तो ॲल्युमिनियमचा भाग गुठळ्या धरतो. वाडीवर जाताना नर्सबाई बर्फाचे पॅक आधी बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की मगच डब्यात ठेवतात ते त्यासाठी. शंका आली तर तशीच एक बाटली मुद्दाम गोठवून, वितळवून दोन्ही हलवून शेजारी ठेवतात. शंकेच्या बाटलीत गोठवलेलीइतकाच पटकन गाळ बसला तर ती टाकून देतात.

मग तिने विचारलं, समुद्रावर शिंपला पायात घुसला तर दर वेळी इंजेक्शन का? नाही. आधी साबण आणि भरपूर पाणी. डोस पूर्ण असतील, जखम घाणेरडी किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं झाली असतील तर एक घ्यायचा, साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षं. आणि ज्याने कधीच घेतले नाहीत त्याला घाणेरड्या किंवा खोल जखमेत नुसती लस पुरत नाही, कारण शिकायला आठवडे लागतात, विष तेवढं थांबत नाही. त्याला डॉक्टर दुसऱ्या माणसांच्या रक्तातली तयार अँटीबॉडी देतात, ती काही आठवडे राखते, आणि लस वेगळ्या जागी टोचतात.

"आजीला कितीदा टोचलंय?" कोणालाच माहीत नव्हतं. बाळंतपणात कधीतरी, म्हणाली आजी, कार्ड कुठलं तेव्हा. आणि ही बाई अनवाणी वाडीत शेण काढते! आरोग्य केंद्रात विचारलं तर पहिला डोस आता, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिने ते वर्षाच्या आत, असं लिहून दिलंय. तारखा भाचीने कॅलेंडरवर मांडल्यात, आजीने अजून होकार दिलेला नाही.