एकोणसाठ की एकोणसत्तर? इतिवृत्त बोलून लिहिताना

बेळगावजवळच्या येळ्ळूर किंवा उचगावच्या एखाद्या पतसंस्थेची सभा संपली की सेक्रेटरीची खरी कसोटी सुरू होते, ती प्रोसिडिंग लिहिण्याची. हल्ली ते मोबाईलला सांगून लिहून घेता येतं. गूगलच्या बोलून-लिहिण्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा 2017 साली आल्या. मात्र फोन सभेतच टेबलावर ठेवला, तर चार जणांच्या एकदम बोलण्याचा नुसता काला होतो. टिपणं काढावीत आणि घरी बसून एकट्याने सांगावं.

पहिली अडचण नावांची. यंत्र नुसता आवाज ऐकत नाही. शिकलेल्या मजकुराच्या आधारे इथे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचाही अंदाज बांधतं. त्यामुळे ‘पाटील’ बिनचूक उमटतं, पण ‘हलगेकर’चं ‘हलके कर’ होऊ शकतं, आणि मराठी वाक्यात आलेल्या ‘पट्टणशेट्टी’चे तर तुकडे पडतात. प्रत्येक वेळी नाव दुरुस्त करण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. फोनला सांगताना हलगेकरांच्या जागी ‘फणस’ म्हणा, पट्टणशेट्टींच्या जागी ‘जांभूळ’. (यादी सभासदांना दाखवू नये, हे उत्तम.) ‘फणस यांनी सूचना मांडली’ असंच बोलावं. शेवटी संगणकावर गूगल डॉक्समध्ये `Ctrl+H` दाबून सगळे फणस एका झटक्यात बदलावेत.

आकडे जास्त दगा देतात, कारण चुकलेलं नाव डोळ्यांत भरतं, चुकलेला आकडा भरत नाही. समजा मागील शिल्लक एकोणसाठ हजार साडेतीनशे, जमा साडेबारा हजार, खर्च पावणेनऊ हजार. 59,350 अधिक 12,500 वजा 8,750, म्हणजे अखेरची शिल्लक 63,100. आता तिन्ही आकडे सांगितल्यावर पडद्यावर जे उमटलं त्यावरूनच बेरीज-वजाबाकी करा आणि कॅशबुकातल्या शिल्लकेशी ताडून पाहा. उत्तर 73,100 आलं, तर बरोबर 10,000 चा फरक पडतो: ‘एकोणसाठ’चं ‘एकोणसत्तर’ झालेलं असण्याची दाट शक्यता. 500 कमी आले, तर ‘साडेबारा’तलं ‘साडे’ गळून 12,000 उरलेत. 250 कमी भरले, तर ‘पावणे’ गळून खर्च 9,000 झालाय. फरकाचा आकडाच चूक कुठे शोधायची ते सांगतो. दोन चुका एकत्र झाल्या तर मात्र फरक फसवा निघतो. तेव्हा एकेक रक्कम पावतीशी लावूनच पाहावी लागते.

मुळात सांगतानाच ‘साडेबारा हजार’ऐवजी ‘बारा हजार पाचशे’ म्हटलं, तर निम्मा घोळ टळतो. एकोणसाठसारख्या संख्येला हा उपाय नाही. तिथे ‘पाच नऊ’ असे सुटे अंक सांगावेत.

ठराव क्रमांक, तारीख, खाते क्रमांक यांची बेरीजच होत नाही, म्हणून ही चाचणी त्यांना लागू पडत नाही. ते आकडे बोलूच नयेत, हातानेच टाईप करावेत.