कार-टी: इंजेक्शन एक, पण त्याआधी बरंच काही

‘कार-टीचं एक इंजेक्शन घेतलं की कुठलाही कॅन्सर बरा होतो, केमो लागतच नाही.’

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे अधूनमधून येतं. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून पटतंही. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कॅन्सरवर सोडण्याचा उपचार.

समजा, कोपरीतल्या एका काकांचा बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, उपचारांनंतर उलटलाय. आधी त्यांचं रक्त काही तास यंत्रातून फिरवून टी-पेशी, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत, त्या पेशींत नवं जनुक घालतात. मग त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारा रिसेप्टर तयार होतो आणि ते प्रथिन असलेल्या पेशींना त्या मारतात. या पेशी वाढवून, तपासून हाती यायला काही आठवडे जातात. तोवर आजार थांबत नाही, ही खरी अडचण. परत देण्यापूर्वी साधारण ३ दिवस केमो असतेच, नव्या पेशींना शरीरात जागा मिळावी म्हणून.

सीडी-१९ मुख्यतः बी-पेशींवर असतं. त्यामुळे स्तनाच्या गाठीला या पेशी ओळखत नाहीत. उलट निरोगी बी-पेशीही मारतात, म्हणून पुढे जंतुसंसर्गाला जपावं लागतं. पहिल्या दिवसांत जोराचा ताप येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो, बोलणं अडखळू शकतं. म्हणूनच रुग्णालयातली देखरेख. काहींच्या कॅन्सरपेशी सीडी-१९ गमावून परततात.

पडताळायचं असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट काढा. आजाराचं नेमकं नाव आणि CD19 समोर पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, हे बघून डॉक्टरांना विचारा.