अडीच हजार उदाहरणं आणि अकरा कोटी आकडे

भाषा समजणाऱ्या संगणक-मॉडेलांसाठीच्या आरटीई या चाचणीत एक उतारा आणि एक विधान दिलेलं असतं. उताऱ्यावरून विधान निघतं का, एवढंच सांगायचं. शिकवायला उदाहरणं फक्त २,४९०. आणि शिकणारा बर्ट-बेस हा एनकोडर, म्हणजे मजकुराचं आकड्यांत रूपांतर करणारं मॉडेल, सुमारे ११ कोटी पॅरामीटरचा; पॅरामीटर म्हणजे शिकताना बदलणारे त्याच्या आतले आकडे. त्याला शिकवायच्या तीन रीतींपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न.

पहिली रीत फुल फाइन-ट्यूनिंग: आधीच शिकलेल्या मॉडेलला नव्या कामासाठी पुन्हा शिकवताना हे सगळे ११ कोटी आकडे हलतात. बहुतेक वेळा ते नीट जमतं, पण इतक्या थोड्या उदाहरणांवर कधीकधी, विशेषतः बर्ट-लार्जसारख्या मोठ्या मॉडेलवर, शिकणंच ठप्प होतं. ते ओळखता येतं: लॉस, म्हणजे चुकीचं माप, ०.६९३ च्या आसपास अडकतो आणि तपासणीच्या २७७ उदाहरणांवर अचूकता ५२.७ टक्के दिसते. ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग. प्रत्येक प्रश्नाला ‘असेलही, नसेलही’ म्हणणाऱ्याचा लॉस एवढाच येतो. आणि ५२.७ टक्के मिळवायला सरसकट ‘निघतं’ म्हटलं तरी पुरतं. अशा वेळी लर्निंग रेट, म्हणजे एका पावलात आकडे किती हलवायचे ते प्रमाण, सुरुवातीला हळूहळू चढवावा आणि जास्त फेऱ्या शिकवावं.

ॲडाप्टरची रीत २०१९ मध्ये हूल्सबी आणि सहकाऱ्यांनी मांडली. मूळ आकडे गोठवायचे आणि प्रत्येक थरात दोन छोटे तुकडे बसवायचे. तुकडा ७६८ आकड्यांची रांग ६४ वर आणतो, पुन्हा ७६८ करतो आणि मूळ रांगेत मिळवतो. एका तुकड्यात ९९,१३६ पॅरामीटर, १२ थरांत असे २४ तुकडे, म्हणजे साधारण २४ लाख. एकूण मॉडेलच्या जेमतेम दोन टक्के. सुरुवातीला तुकड्यांचं उत्तर शून्याजवळ ठेवतात, त्यामुळे मॉडेल पहिल्या दिवशी जसंच्या तसं वागतं. मला यातली हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते. मात्र फुल फाइन-ट्यूनिंगचा ०.००००२ हा लर्निंग रेट इथे तसाच ठेवला, तर हे तुकडे त्या शून्यापासून फारसे हलतच नाहीत. तो पाच ते पन्नास पट वाढवून पाहावा लागतो.

प्रॉम्प्ट ट्यूनिंगमध्ये तर आत काहीच बसवत नाहीत. वाक्याआधी, समजा, २० कल्पित शब्द जोडायचे आणि फक्त त्यांचे आकडे शिकवायचे: २० गुणिले ७६८, म्हणजे १५,३६०. लेस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये टी-५ या भाषा-मॉडेलवर दाखवलं, की मॉडेल अब्जावधी पॅरामीटरचं झालं की ही रीत फुल फाइन-ट्यूनिंगच्या बरोबरीला येते. छोटं असेल तर मागे पडते. बर्ट-बेस छोट्यांतच मोडतं. म्हणून इथे मी आधी ॲडाप्टर लावून पाहीन.

तुलना करताना त्या २७७ उदाहरणांचा मात्र विसर पडू नये. एक उत्तर चुकलं की ०.३६ टक्के जातात, आणि ७० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्यात नुसत्या योगायोगाने पाच टक्क्यांचा फरक वर-खाली होऊ शकतो. एका रीतीला ६९ आणि दुसरीला ७१ मिळाले, तर दुसरी सरस असं म्हणता येत नाही. प्रत्येक रीत निदान पाच वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींपासून चालवावी, आणि सरासरीइतकंच त्यातल्या किती वेळा ०.६९३ वर गाडी अडली तेही मोजावं.