दुय्यम लहरी गाभ्याला का अडतात?

“भूकंपाच्या दुय्यम लहरी अशक्त असतात, म्हणून पृथ्वीचा गाभा ओलांडण्याआधीच विरतात ना?”

नाही. जमीन जास्त हलवतात त्या बहुधा दुय्यम लहरीच. अडचण बाह्य गाभ्यात आहे, कारण तो द्रव आहे. प्राथमिक लहर पदार्थ दाबत-सैलावत पुढे जाते आणि दाबलेला द्रवही उसळून पूर्ववत होतो. दुय्यम लहर पदार्थाला आडवी सरकवते. सरकलेला द्रव मागे ओढला जात नाही, त्यामुळे लहर कितीही जोरदार असो, तिथे ती चालतच नाही. गाभ्याच्या सीमेवर तिची काही ऊर्जा प्राथमिक लहरीचं रूप घेऊन आत शिरते, हे मला फार सुंदर वाटतं.

भूकंप किती दूर झाला हे काढायला या दोघींच्या वेगातला फरक उपयोगी पडतो. कवचात प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किमी जाते, दुय्यम ३.५. समजा, कोयनेचा धक्का पुण्यात नोंदला आणि दोन लहरी पोहोचण्यात १५ सेकंदांचा फरक पडला. या वेगांनुसार फरकाच्या दर सेकंदामागे साधारण ८.४ किमी, म्हणजे सुमारे १२५ किमी. दिशा मात्र यातून कळत नाही. त्यासाठी किमान तीन नोंदणी केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढावी लागतात.

हा गुणक जवळच्या भूकंपांपुरताच. दूरच्यांसाठी प्रवासवेळांचे तक्ते वापरतात आणि पृथ्वीच्या मध्यापाशी मोजलेल्या सुमारे १०४ अंशांपलीकडे थेट दुय्यम लहर पोहोचतच नाही.